‘सिस्टर, फक्त तुम्हालाच माझं कळतं!’ : धमकी देणाऱ्या, उतावीळ रुग्णाला नर्स मर्यादा कशी घालते?

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात अधूनमधून असा एखादा पेशंट येतो की, दोन दिवसांत सगळा स्टाफ थकून जातो. सकाळी तो एका सिस्टरला देव मानतो, संध्याकाळी तिलाच शिव्या देतो. मागितलेलं मिळालं नाही तर सलाईन ओढून काढतो, ‘जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणतो. मग शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक म्हणतात, ‘नाटकं आहेत सगळी.’ काही जण म्हणतात, ‘बाहेरचं असेल.’ कुणी सल्ला देतं, ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल.’

या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. अशा वागण्यामागे कित्येकदा व्यक्तिमत्त्व विकार असतो. त्यावर दोन फटके चालत नाहीत आणि सगळे हट्ट पुरवणंही चालत नाही. नर्स यातून जो तिसरा रस्ता काढते, त्याला मर्यादा आखणं म्हणतात. तो रस्ता नेमका कसा असतो आणि घरच्यांनाही तो कसा उपयोगी पडतो, हे इथे सविस्तर पाहू.

स्वभाव कुठे संपतो, विकार कुठे सुरू होतो?

माणूस तापट असतो, लाजाळू असतो, संशयी असतो. हा झाला स्वभाव. तापट माणूस बांधावर भांडतो, पण दवाखान्यात, बँकेत, पाहुण्यांत जुळवून घेतो. व्यक्तिमत्त्व विकारात ही लवचिकता नसते. एकाच पद्धतीचं वागणं घरी, कामावर, मैत्रीत, सगळीकडे तसंच राहतं. ते वयात येताना किंवा ऐन तारुण्यात सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे त्या माणसाचे किंवा आजूबाजूच्यांचे हाल होतात, नाती तुटतात, काम सुटतं.

म्हणून एका भांडणावरून कुणालाही हा शिक्का मारता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी बोलतात, घरच्यांकडून मागची काही वर्षं समजून घेतात आणि मगच निदान करतात. चांगला असलेला माणूस दोन दिवसांत एकदम वेगळा वागू लागला, तर तो व्यक्तिमत्त्व विकार नसतो. तिथे आधी ताप, डोक्याला मार, विषबाधा, साखर कमी होणं, दारू अचानक बंद होणं अशी शरीराची कारणं शोधावी लागतात.

तीन गट कोणते?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं आजारांच्या वर्गीकरणाचं पुस्तक जगभर वापरलं जातं. त्यात दहा व्यक्तिमत्त्व विकार तीन गटांत मांडले आहेत. गटांची ही रीत १९८० पासूनची आहे. सगळी नावं पाठ करायची गरज नाही, गटाचा सूर कळला तरी पुरे.

पहिला गट आहे तुटक किंवा विचित्र वाटणाऱ्या माणसांचा. कुणी सतत संशय घेतो, गोळीतही काही घातलंय का म्हणून उलटसुलट करून पाहतो. कुणाला माणसांची संगतच नको असते. अशा रुग्णापुढे नर्स फार सलगी करत नाही. गोळीचं पाकीट त्याच्यासमोर फोडते, काय करणार ते आधी सांगते आणि तेवढंच करते.

दुसरा गट आहे भावनांचा भडका उडणाऱ्यांचा आणि उतावीळ वागणाऱ्यांचा. नियम मोडून, खोटं बोलून दुसऱ्याचा फायदा घेणारे यात येतात. सतत लक्ष वेधून घेणारे, स्वतःला फार मोठं समजणारेही यातच. आणि ज्यांच्या मनाचा लंबक क्षणात या टोकाहून त्या टोकाला जातो, तेही यातच. या शेवटच्या विकाराला डॉक्टर ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात.

तिसरा गट भित्र्या, काळजीखोर माणसांचा आहे. लोक काय म्हणतील या भीतीने कुणी चारचौघांत येत नाही. कुणाला प्रत्येक लहान निर्णयाला दुसऱ्याचा आधार लागतो. कुणाचा सगळा दिवस नीटनेटकेपणात आणि नियमांत अडकतो.

हे गट म्हणजे पक्क्या भिंती नाहीत. एकाच माणसात दोन गटांची लक्षणं दिसू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात हे वेगवेगळे प्रकार बहुतांशी बाजूला ठेवले. त्रास सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र, हे आधी पाहायचं अशी त्यांची पद्धत आहे. बॉर्डरलाइनची खूण मात्र त्यांनीही ठेवली आहे.

‘बॉर्डरलाइन’मध्ये आत काय चाललेलं असतं?

वॉर्डात सगळ्यात जास्त ओढाताण याच रुग्णांमुळे होते. यांच्या मनात एक भीती सतत धुमसत असते. ती म्हणजे आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल. नवऱ्याने फोन उचलला नाही, सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली, एवढ्यानेही ती भीती पेट घेते. मूड काही तासांत बदलतो. समोरचा माणूस एकतर पूर्ण चांगला वाटतो नाहीतर पूर्ण वाईट, मधलं काही दिसत नाही. असह्य झालं की हातून उतावीळपणे काहीतरी होऊन जातं. पैसे उधळले जातात, घरातून निघून जाणं होतं, स्वतःला इजा केली जाते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा डावपेच वाटतो. ‘धमकी देऊन काम करून घेते,’ असं लोक म्हणतात. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. साधं सांगून कुणी ऐकलं नाही, आरडाओरड केली तेव्हाच माणसं धावत आली, हे तिला अनुभवाने शिकायला मिळालेलं असतं. जे चाललं, तेच मन पुन्हा करतं. नियम मोडून पैसा किंवा नशेच्या गोळ्या मिळवू पाहणारा रुग्ण मात्र कित्येकदा ठरवूनच डाव टाकतो. दोघांची कारणं वेगळी असली तरी नर्सने आखायची रेषा एकच असते.

एक उदाहरण : चार नंबरची कॉट

उदाहरण म्हणून उपजिल्हा रुग्णालयातला महिला वॉर्ड डोळ्यासमोर आणा. बावीस वर्षांची एक विवाहिता माहेरी आलेली आहे. नवऱ्याशी फोनवर भांडण झालं आणि तिने घरातल्या गोळ्या एकदम घेतल्या. आईने वेळेत आणलं, जिवाचा धोका टळला. डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घ्यायला सांगितलं. याआधी दोनदा तिने स्वतःच्या हाताला इजा करून घेतलेली आहे. नवऱ्याशी दर महिन्याला टोकाचं भांडण आणि टोकाचं प्रेम, हे लग्नाआधीच्या मैत्रिणींशीही असंच होतं, असं आई सांगते.

पहिल्या संध्याकाळी ती ड्युटीवरच्या तरुण सिस्टरचा हात धरून रडते. ‘सिस्टर, फक्त तुम्हालाच माझं कळतं. सकाळची ती बाई तर कसाई आहे.’ सिस्टरला भरून येतं. ती नवऱ्याला फोन लावायला स्वतःचा मोबाइल देते, ड्युटी संपल्यावरही अर्धा तास थांबते आणि जाताना सांगते, ‘काही वाटलं तर मला कधीही फोन कर.’

रात्रीच्या ड्युटीला वॉर्डात एकच सिस्टर आहे. अकरा वाजता चार नंबरची पेशंट तिचाही मोबाइल मागते. ती नाही म्हणते. ‘संध्याकाळच्या ताईंनी दिला होता, तुम्हालाच काय झालं?’ आवाज चढतो, सलाईन ओढून निघते, ‘मी परत काहीतरी करून घेईन’ असं ती ओरडते. थकलेली सिस्टर चिडते. ‘नाटकं बंद कर, नाहीतर कॉटला बांधून ठेवीन.’ तासाभराने ती बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्या हाताला इजा करून घेते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सिस्टर एकमेकींवर घसरतात. एक म्हणते, ‘तू तिला लाडावून ठेवलंस.’ दुसरी म्हणते, ‘तुझ्यात माणुसकीच नाही.’ पेशंटच्या मनातली फूट आता स्टाफमध्ये उतरलेली असते.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधल्या कॅसल हॉस्पिटलचे डॉक्टर टॉम मेन यांनी १९५७ मध्ये नर्सेससोबतच्या चर्चांवर एक लेख लिहिला. काही रुग्णांसाठी काही नर्स जिवाचं रान करतात, बाकीचा स्टाफ नाराज होतो, वॉर्डात दोन तट पडतात आणि शेवटी रुग्णाची तब्येत सुधारत नाही, असं त्यांनी त्यात दाखवून दिलं.

आपल्या उदाहरणात दोघींचाही हेतू वाईट नव्हता. पण संध्याकाळी नियम वाकला आणि रात्री अचानक ताठ झाला. बदलत्या नियमाने त्या मुलीची जुनी भीती खरी ठरवली. ‘बघा, हिनेही सोडलंच.’

मर्यादा कशी आखली?

सकाळच्या राउंडनंतर इनचार्ज सिस्टर, मेडिकल ऑफिसर आणि दोन्ही ड्युटीच्या सिस्टर एकत्र बसतात. आधी सुरक्षेचं पाहतात. कारण धमकी ‘नेहमीचीच’ असली तरी ती प्रत्येक वेळी खरी मानायची असते. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांना आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. इनचार्ज सिस्टर तिला सरळ विचारतात, ‘मरून जावं असं आत्ता वाटतंय का? काही ठरवलंयस का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. धारदार आणि घातक वस्तू कॉटजवळून काढल्या जातात, आईला जवळ बसवलं जातं, बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत जाईल असं ठरतं. सिव्हिलच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं जातं.

त्यानंतर एका कागदावर चारच गोष्टी लिहिल्या जातात.

एक : प्रत्येक ड्युटीची सिस्टर ठरलेल्या वेळी तिच्याजवळ दहा मिनिटं बसेल. सकाळी अकरा, संध्याकाळी सहा, रात्री साडेनऊ. ती शांत असली तरी बसेल, चिडलेली असली तरी बसेल.

दोन : नवऱ्याशी बोलणं रोज संध्याकाळी पाच वाजता, आईच्या फोनवरून, पंधरा मिनिटं. स्टाफपैकी कुणीही स्वतःचा मोबाइल किंवा नंबर देणार नाही.

तीन : औषध केसपेपरवर असेल तेवढंच. जास्तीची गोळी हवी वाटली तर डॉक्टरांना विचारलं जाईल, सिस्टर परस्पर देणार नाही.

चार : स्वतःला इजा करावंसं वाटलं तर आधी सिस्टरला हाक मारायची, सिस्टर लगेच येईल. तरीही इजा झालीच तर जखम नीट साफ होईल, डॉक्टर पाहतील, तिला एकटं सोडलं जाणार नाही, कुणी रागावणार नाही. पण त्यामुळे बाकीचे तीन नियम बदलणार नाहीत.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. लक्ष मिळवायला संकट ओढवून घ्यावं लागत नाही, ते घड्याळाच्या काट्यावर मिळतं, हे तिला त्यातून कळतं. नुसता ‘नाही’ लिहिलेला कागद ही मर्यादा नव्हे. काय मिळणार, कधी मिळणार, हेही त्यात असावं लागतं.

इनचार्ज सिस्टर हा कागद तिला वाचून दाखवतात. तिचं म्हणणं ऐकतात. फोनची वेळ आधी चार होती, नवरा पाचला कामावरून सुटतो म्हणून ती पाच केली जाते. जे बदलणं शक्य आहे ते आधीच बदलायचं, भांडण पेटल्यावर नाही.

‘नाही’ कसं म्हणायचं?

त्याच रात्री दहा वाजता परीक्षा होते. ती पुन्हा फोन मागते. आज तीच रात्रीची सिस्टर आहे. ती कॉटपासून दोन हात अंतरावर उभी राहते, आवाज खाली ठेवते.

‘तुला त्याच्याशी बोलावंसं वाटतंय आणि जीव कासावीस झालाय, ते दिसतंय मला. माझा फोन मी देणार नाही, वॉर्डात कुणीच देणार नाही. उद्या पाच वाजता आईच्या फोनवरून बोलशील. आत्ता मावशींबरोबर व्हरांड्यात एक चक्कर मारतेस, की तोंडावर गार पाणी मारून इथेच बसतेस? तू सांग.’

या चार वाक्यांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आधी तिची भावना मान्य केली. मग मर्यादा एका वाक्यात सांगितली. मग हवं ते कधी मिळेल हे सांगितलं. शेवटी आत्ता करता येतील अशा दोन गोष्टींतून निवडायला दिलं. ‘तुला किती वेळा सांगायचं’ नाही, ‘बाकीचे पेशंट बघ कसे राहतात’ नाही, लांबलचक समजावणं नाही. चिडलेल्या माणसाच्या कानात लांब वाक्य शिरत नाही.

ती म्हणते, ‘संध्याकाळच्या ताई असत्या तर दिला असता.’ सिस्टर दुसरीची बाजूही घेत नाही आणि तिला नावंही ठेवत नाही. ‘आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. त्यांच्याबद्दल काही सांगायचं असेल तर उद्या त्यांनाच सांग.’ एवढं बोलून ती तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा एकदा म्हणते. त्यानंतर वाद घालत बसत नाही. ‘मी पंधरा मिनिटांनी परत येते,’ असं म्हणते आणि बरोबर पंधराव्या मिनिटाला येते. ते परत येणं हीच तिच्यासाठी खरी गोळी असते.

आधी वाढतं, मग उतरतं

इथेच पुष्कळ जण हार मानतात. मर्यादा आखली की वागणं लगेच सुधारत नाही, आधी आणखी बिघडतं. रोज दार वाजवल्यावर उघडत असेल आणि एक दिवस उघडलं नाही, तर माणूस आधी जोरात वाजवतो. तसंच हे आहे. दुसऱ्या रात्री ती जास्त वेळ ओरडली. त्या वेळी कुणी वैतागून फोन दिला असता तर ‘अजून जोरात ओरडलं की मिळतं’ हाच धडा पक्का झाला असता. म्हणून पाळता येणार नाही असा नियम करूच नये, आणि केलेला नियम प्रत्येक ड्युटीने पाळावा. ड्युटी बदलताना तोंडी सांगून भागत नाही, कागद हातात द्यावा लागतो.

सुधारणा कशी ओळखायची? ओरडणं लगेच थांबत नाही, पण लवकर शांत होतं. दोन भांडणांतलं अंतर वाढतं. आणि सगळ्यात चांगली खूण म्हणजे काही करून घेण्याआधी ती हाक मारते. आपल्या उदाहरणात तिसऱ्या रात्री तसं झालं. ‘सिस्टर, परत तसं वाटायला लागलंय,’ एवढंच ती म्हणाली. सिस्टर हातातलं काम मावशींना सांगून लगेच गेली. या हाकेला उशीर झाला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

चौथ्या दिवशी घरी सोडायचं होतं. घरी जायची वेळ हीसुद्धा अशा रुग्णाला ‘सोडून दिलं’ असं वाटायची वेळ असते, म्हणून आदल्या दिवशीच ते सांगितलं गेलं. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासलं, बॉर्डरलाइनची लक्षणं दिसतात पण आणखी दोनतीन भेटींनंतर पक्कं सांगू, असं म्हणून सिव्हिलची तारीख दिली. एका कागदावर तिच्याच शब्दांत लिहून घेतलं : बिनसायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा काय करायचं, कुणाला हाक मारायची, कुठे फोन करायचा. घरातली औषधं आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवायची जबाबदारी आईने घेतली.

कुठे चुकतं?

पहिली चूक म्हणजे मर्यादेच्या नावाखाली शिक्षा. जेवण उशिरा देणं, दुखत असताना औषध न देणं, मलमपट्टी करताना टोमणे मारणं, ही मर्यादा नाही, हा सूड आहे. ‘बांधून ठेवीन’ ही धमकीही तशीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक रुग्णाला शिक्षा म्हणून बांधता येत नाही. जिवाला तात्काळ धोका असेल, दुसरा उपाय उरला नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञांची मंजुरी असेल, तरच आणि गरजेपुरत्या वेळेसाठीच ते करता येतं. एकट्याला कोंडून ठेवायला तर पूर्ण बंदी आहे. याच कायद्यात असंही म्हटलं आहे की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालावं, त्याला शिक्षा होऊ नये, उपचार मिळावेत. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने रुग्णाला घरी दडवून ठेवू नये.

दुसरी चूक म्हणजे गुपित सांभाळायचं वचन. ‘कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते,’ असं रुग्ण म्हणतो. तेव्हा आधीच सांगावं लागतं, ‘तुझ्या जिवाची गोष्ट असेल तर मला डॉक्टरांना सांगावीच लागेल. बाकी गावभर होणार नाही.’

तिसरी चूक सगळ्यात धोक्याची. पेशंटवर ‘नाटकी’ असा शिक्का बसला की तिची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही. काल उगाच पोट दुखतंय म्हणाली असेल, पण आज खरंच दुखत असू शकतं. गोळ्यांचा लिव्हरवर होणारा परिणाम तर दोनतीन दिवसांनीही दिसू शकतो. म्हणून प्रत्येक तक्रारीला नाडी, बीपी, ताप तपासणं आणि डॉक्टरांना कळवणं हे चुकवायचं नसतं. मर्यादा वागण्याला असते, तपासणीला नसते.

शिवाय मर्यादा आखल्याने आजार बरा होत नाही. तिने फक्त वॉर्ड सुरक्षित राहतो आणि उपचाराला जागा मिळते. बॉर्डरलाइनचा मुख्य उपचार बोलण्याचा, म्हणजे समुपदेशनाचा आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी यासाठी खास पद्धत तयार केली, तिच्यात भावनांचा भडका सहन करायला पायरीपायरीने शिकवतात. तरुणपणी आपण स्वतः अशाच त्रासातून गेलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. हा आजार घालवणारी एकच अशी गोळी नाही. सोबत उदासी किंवा झोपेचा त्रास असेल तर डॉक्टर त्यापुरती औषधं देतात. वेळ लागतो, पण बऱ्याच रुग्णांची लक्षणं काही वर्षांत कमी होत जातात.

घरी हेच कसं करायचं?

घरात सासू, नवरा, आई, भाऊ हेच तीन ड्युटीचा स्टाफ असतात. बाप नाही म्हणतो आणि आई गुपचूप पैसे देते, तिथे मर्यादा टिकत नाही. आधी मोठ्यांनी एकत्र बसून दोनच नियम ठरवावेत, दहा नकोत. उदाहरणार्थ, ‘रागात असताना पैशाचं बोलायचं नाही, सकाळी बोलू,’ आणि ‘मारहाण किंवा तोडफोड झाली तर आपण तिथून बाजूला होऊ, शांत झाल्यावर परत येऊ.’ हे घर शांत असताना सांगावं. रोज पंधरा मिनिटं भांडणाशिवायचं बोलणं ठेवावं. ‘मर जा एकदाची’ असं रागातसुद्धा म्हणू नये.

जिवाची धमकी मात्र घरातल्या नियमांनी हाताळायची गोष्ट नाही. माणसाला एकटं सोडू नये, फवारणीची औषधं आणि गोळ्या हाताशी ठेवू नयेत आणि जवळचा दवाखाना गाठावा. काही घेतलं असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, रिकामी बाटली किंवा पाकीट सोबत न्यावं. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी चालते. तालुक्यातल्या दवाखान्यात त्यांची भेट कोणत्या वारी असते, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. जाताना मागचे केसपेपर आणि घरातलं असं एक माणूस सोबत न्यावं, ज्याला रुग्णाची मागची काही वर्षं माहीत आहेत.